बायबलमधले अध्याय आणि वचनं कोणी, कधी, कशी पाडली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चमध्ये पाळक "योहान तीन सोळा" म्हणतात आणि शंभर माणसं एकाच ओळीवर बोट ठेवतात. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की हे आकडे मूळ लेखकांनीच घातले असावेत असं बहुतेकांना वाटतं. अभ्यासवर्गात याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर नव्या करारावर आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त असतो.

मूळ लेखनात अध्याय आणि वचनं होती का?

नव्या करारात नव्हती. पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं ते इसवी सन ५५ च्या आसपास, आणि ते पत्र म्हणूनच लिहिलं. पत्राला कोणी अध्याय पाडत नाही. त्या काळच्या ग्रीक लेखनात दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. सगळी मोठी अक्षरं एकापुढे एक, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने मोठ्याने वाचून ठरवायचं.

जुन्या कराराचं चित्र थोडं वेगळं आहे. हिब्रू गुंडाळ्यांमध्ये शब्दांत अंतर असे आणि विषय बदलला की ओळीत किंवा ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडत. मृत समुद्राकाठी कुमरान इथे १९४७ मध्ये सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी ख्रिस्तपूर्व काळातली, सात मीटरहून लांब आहे. तिच्यात अशा मोकळ्या जागा दिसतात, आकडा मात्र एकही नाही. आज आपण यशयाचा ४० वा अध्याय म्हणतो तो भाग तिथे एका स्तंभाच्या अगदी शेवटच्या ओळीवर सुरू होतो. आपण या अध्यायाला नव्या पर्वाची सुरुवात समजतो, पण त्या लेखनिकाने नवा स्तंभ सुरू करण्याइतकंही त्याचं कौतुक केलेलं नाही.

अपवाद कवितेचा. स्तोत्रं मुळातच सुटी सुटी गीतं होती. प्रेषितांच्या कृत्यांत १३ व्या अध्यायात पौल चक्क "दुसऱ्या स्तोत्रात" असं म्हणतो. स्तोत्र ११९ मध्ये हिब्रूची २२ अक्षरं क्रमाने घेतली आहेत, प्रत्येक अक्षराने सुरू होणाऱ्या आठ ओळी, म्हणून १७६ वचनं. ही विभागणी कवीची स्वतःची आहे.

मग आकडे नसताना लोक संदर्भ कसा देत?

गोष्टीच्या नावाने. मार्कच्या शुभवर्तमानात येशू सदूकी लोकांना विचारतो, की मोशेच्या पुस्तकात झुडपाच्या प्रसंगात काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं नाही का? 'झुडपाचा प्रसंग' हाच त्या काळचा पत्ता. ऐकणाऱ्याला तो पुरे, कारण त्याने ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असे.

इब्रीकरांस पत्राचा लेखक तर आणखी मोकळा आहे. आठव्या स्तोत्रातल्या ओळी देताना तो फक्त म्हणतो, "एका ठिकाणी कोणीतरी साक्ष दिली आहे." आजच्या विद्यार्थ्याने प्रबंधात असं लिहिलं तर मार्गदर्शक पान परत करतील.

आजच्या अध्यायांचं श्रेय ज्याला जातं, त्या लँग्टनच्या आधी कोणीच विभाग पाडले नव्हते का?

पाडले होते, बऱ्याच जणांनी, आणि प्रत्येकाने आपापल्या कामासाठी. सर्वांत हुशार व्यवस्था चौथ्या शतकात कैसरियाच्या युसेबियसने बसवली. त्याला चारही शुभवर्तमानांतले सारखे प्रसंग शेजारी शेजारी सापडायला हवे होते. त्याने मत्तयाचे ३५५, मार्कचे २३३, लूकचे ३४२ आणि योहानाचे २३२ तुकडे धरले आणि दहा तक्ते तयार केले. समासात तुकड्याचा क्रमांक आणि त्याखाली तक्त्याचा क्रमांक. तक्ता उघडला की तोच प्रसंग बाकीच्या शुभवर्तमानांत कुठे आहे ते लगेच कळे.

ही पद्धत हजार वर्षांहून जास्त चालली. पण तिचा उपयोग चार शुभवर्तमानांपुरताच. पत्रांना आणि जुन्या कराराला वेगवेगळ्या लेखनिकांनी वेगवेगळे भाग पाडले होते. एका मठातल्या प्रतीतला सातवा भाग दुसऱ्या मठातल्या प्रतीत दहावा असे.

आजचे अध्याय नेमके कोणाचे?

श्रेय परंपरेने स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताला जातं. तो पॅरिसला शिकवत होता आणि काम साधारण इसवी सन १२०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. हाच लँग्टन पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या प्रकरणात राजाविरुद्ध उमरावांच्या बाजूने दिसला. ही विभागणी त्याच्या थोडी आधी इंग्लंडमध्ये सुरू झाली असावी, असंही काही संशोधक मांडतात. ती पसरली मात्र पॅरिसमुळे, याबद्दल वाद नाही.

कारण अगदी व्यावहारिक होतं. पॅरिसला युरोपभरातून विद्यार्थी येत आणि आपापल्या गावच्या प्रती घेऊन बसत. गुरुजी म्हणणार "अमुक भाग उघडा" आणि प्रत्येकाच्या प्रतीत तो भाग वेगळा. वर्ग चालवायचा तर सगळ्यांचे आकडे एक हवेत. मग १२३० च्या सुमारास पॅरिसमध्ये बायबलच्या आटोपशीर प्रती बनू लागल्या. पातळ चर्मपत्र, बारीक अक्षर, संपूर्ण बायबल एका खंडात, आणि अध्यायांचे आकडे लाल-निळ्या शाईत. फिरते धर्मोपदेशक ती झोळीत घालून नेत. आकडे गावोगावी पोचले ते असे.

अध्यायाची लांबी ठरवताना एका बैठकीत शिकवून होईल एवढा भाग धरला असावा असं अध्याय पाहताना जाणवतं. विद्यार्थ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची ती कात्री आहे, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच येतात.

अध्यायानंतर लगेच वचनं आली का?

नाही, मध्ये साडेतीनशे वर्षं गेली. अध्यायाच्या आत जागा दाखवायची गरज मात्र लगेच भासली. पॅरिसच्याच डोमिनिकन मठात सेंट शेरचा ह्यू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १२३० च्या दशकात लॅटिन बायबलची शब्दसूची केली. कुठला शब्द कुठे कुठे आलाय ते दाखवायचं, तर नुसता अध्याय सांगून भागत नव्हतं. त्यांनी प्रत्येक अध्यायाचे मनातल्या मनात सात भाग कल्पून त्यांना ए ते जी अशी अक्षरं दिली. अध्याय १० डी म्हणजे दहाव्या अध्यायाच्या साधारण मध्यावर शोधा. पानावर रेघ मारायची गरज नाही, नजरेने अंदाज घ्यायचा.

जुन्या करारातली वचनं ज्यूंनी पाडली की ख्रिस्ती लोकांनी?

वचनं ज्यूंची, अध्याय ख्रिस्ती लोकांचे. वचन कुठे संपतं याची ज्यू वाचनपरंपरा फार जुनी आहे. सभास्थानात हिब्रू वाचन वचनागणिक थांबून होई, म्हणून थांबा पक्का ठाऊक असणं भागच होतं. पुढे तिबेरियाच्या मासोरा पंडितांनी, म्हणजे हिब्रू मजकूर जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी, वचनाच्या शेवटी दोन टिंबांची खूण घातली आणि प्रत्येक पुस्तकाची एकूण वचनं मोजून शेवटी नोंदवून ठेवली, म्हणजे नक्कल करताना एक जरी गळलं तरी बेरीज चुकेल. वचनांना क्रमांक मात्र त्यांनी दिले नाहीत.

अध्यायांचे आकडे ज्यू पंडितांनी उसने घेतले, आणि तेही प्रेमाने नाही. वादसभांत ख्रिस्ती पंडित "यशया सात" म्हणून मोकळे होत आणि उत्तर देणाऱ्याला ती जागा शोधावी लागे. फ्रान्समधल्या आर्ल गावच्या रब्बी इसाक नाथानने १४४० च्या सुमारास हिब्रू शब्दसूची केली, तीत हेच अध्याय वापरले. ती १५२३ मध्ये व्हेनिसला छापली गेली. छापील हिब्रू बायबलमध्येही हेच आकडे रुळले आणि आजतागायत आहेत.

नव्या करारातली वचनं घोड्यावर बसून पाडली, हे खरं का?

अर्धं खरं. वचनं पाडली रोबेर एतिएन या छापखानदाराने. लॅटिनमध्ये तो स्तेफानुस या नावाने ओळखला जातो. तो पॅरिसला राजाचा मुद्रक होता, पण तिथल्या धर्मपंडितांशी त्याचं बिनसलं आणि १५५० च्या सुमारास तो जिनिव्हाला निघून गेला. १५५० मध्ये पॅरिसला छापलेल्या त्याच्या देखण्या ग्रीक आवृत्तीत वचनं नाहीत. पुढच्याच वर्षी, १५५१ मध्ये, जिनिव्हाच्या आवृत्तीत ती आहेत.

त्याचा मुलगा आंरी याने वडिलांच्या पश्चात लिहून ठेवलं, की पॅरिसहून लिऑनला जाताना वडिलांनी या कामाचा मोठा भाग वाटेत, घोड्यावरून जाताना उरकला. यावरून पुढे विनोद निघाला, की घोडा अडखळला की लेखणी घसरली आणि वचन भलतीकडे तुटलं. मुलाच्या शब्दांचा अर्थ 'प्रवासात' असाही घेता येतो. संध्याकाळी धर्मशाळेत मुक्काम पडल्यावर खुणा केल्या असतील, हे मला जास्त पटतं. ज्याने घोड्यावर बसून चिठ्ठीसुद्धा लिहून पाहिली असेल त्यालाही पटेल. मुलगा आणखी एक सांगतो: हे काम म्हणजे वेळेचा अपव्यय आहे असं तेव्हा लोक म्हणत होते.

काम कशासाठी होतं ते १५५१ च्या आवृत्तीचं पान पाहिलं की कळतं. मधल्या स्तंभात ग्रीक आणि दोन्ही बाजूंना दोन लॅटिन भाषांतरं, एक जुनं आणि एक इरॅस्मस या विद्वानाचं. तिन्ही स्तंभांत तोच मजकूर समोरासमोर यायला हवा. लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाला आकडा दिला की वाचणाऱ्याची नजर चुकत नाही. शिवाय त्याच्या डोक्यात ग्रीक शब्दसूची होती, तिलाही पत्ते लागणारच होते. त्याच्या आधी सान्तेस पान्यिनी याने १५२७-२८ च्या लॅटिन बायबलमध्ये वचनांना आकडे दिले होते. जुन्या करारात तो ज्यू वचनांवरच चालला, नव्या करारात मात्र त्याचे तुकडे फार लांब होते, ते टिकले नाहीत.

अध्याय चुकीच्या जागी तुटल्याचं एखादं उदाहरण?

बरीच आहेत. सर्वांत नुकसान करणारं यशया ५३ चं.

हा अध्याय बहुतेक ख्रिस्ती वाचकांना तोंडपाठ असतो. तो सुरू होतो एका प्रश्नाने: आम्ही जे ऐकलं त्यावर कोणी विश्वास ठेवला? आता इथूनच वाचायला घेतलं तर पहिलाच अडथळा येतो. 'आम्ही' म्हणजे कोण? ऐकलं ते कधी, कोणाकडून? अध्यायात उत्तर नाही. मग वाचणारा आपल्या मनाने 'आम्ही' भरतो.

आता तीन वचनं मागे जा, ५२:१३ पासून वाचा. तिथे देव स्वतः बोलतोय: पाहा, माझा सेवक उंचावला जाईल. मग त्या सेवकाचं रूप इतकं विद्रूप झालं की पाहणारे थक्क झाले, हे येतं. आणि ५२:१५ मध्ये राजे तोंड मिटून गप्प होतात, कारण जे त्यांना कधी सांगितलं नव्हतं ते ते पाहतात, जे ऐकलं नव्हतं ते त्यांना उमगतं. पुढचंच वाक्य "आम्ही जे ऐकलं..." आता 'आम्ही' कोण याला निदान एक सरळ उत्तर मिळतं: हेच थक्क झालेले राजे आणि राष्ट्रं बोलत असावीत. 'आम्ही' म्हणजे इस्राएल किंवा संदेष्टे, असं मानणारे अभ्यासकही आहेत. पण तो वाद घालायलासुद्धा ही तीन वचनं समोर हवीत.

गीताचा आकारही तेव्हाच दिसतो. सुरुवातीला देवाचं बोलणं, 'माझा सेवक'. मध्ये 'आम्ही'चं बोलणं. शेवटी ५३:११ मध्ये पुन्हा देवाचं बोलणं आणि पुन्हा 'माझा सेवक'. अध्यायाने पहिला भाग छाटला आणि शेवटचा ठेवला. हिब्रू परंपरेत मोकळी जागा ५२:१३ च्या आधी आहे, म्हणजे गीत कुठे सुरू होतं हे लेखनिकांना ठाऊक होतं. उत्तम शुक्रवारी कॅथलिक उपासनेत हे वाचन ५२:१३ पासूनच घेतात.

दुसरं उदाहरण छोटं, पण गमतीचं. प्रेषितांची कृत्ये २१ च्या शेवटी पौल जिन्यावर उभा राहून लोकांना हाताने खुणावतो, सगळीकडे शांतता पसरते, आणि तो इब्री भाषेत बोलू लागतो... इथे अध्याय संपला. वाक्य अर्धं आहे. पौल काय बोलला ते २२:१ मध्ये. भाषण नव्या अध्यायात यावं म्हणून वाक्याच्या मध्येच कात्री चालवली. तसंच १ करिंथ ११:१, "माझे अनुकरण करणारे व्हा". ते दहाव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आहे, त्याचा अकराव्यातल्या विषयाशी संबंध नाही.

आमच्या बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये ८:३६ नंतर थेट ८:३८ आहे. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. काही आवृत्त्यांत ३७ वं वचन कंसात असतं, काहींत तळटिपेत, काहींत आकडाच गाळलेला.

प्रसंग असा: फिलिप्प एका इथिओपियाच्या अधिकाऱ्याबरोबर रथात बसून चाललाय. वाटेत पाणी दिसतं. ३६ व्या वचनात अधिकारी विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? ३८ मध्ये तो रथ थांबवतो आणि दोघे पाण्यात उतरतात. प्रश्नाला उत्तर कुठे आहे? ते ३७ मध्ये होतं: तू मनापासून विश्वास धरत असशील तर हरकत नाही, आणि अधिकाऱ्याची विश्वासाची कबुली.

ही कबुली जुनी आहे; दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपला ती माहीत होती. पण सिनाय आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ती नाही, त्याहून जुन्या पपायरसमध्ये नाही, बहुसंख्य ग्रीक प्रतींतही नाही. इरॅस्मसला ती एका हस्तलिखिताच्या समासात दिसली. लेखनिकाच्या हातून राहून गेली असेल असं समजून त्याने ती आपल्या छापील आवृत्तीत घातली. त्याच परंपरेतला मजकूर एतिएनने घेतला आणि १५५१ मध्ये आकडे देताना तिला ३७ मिळाला. जुनी हस्तलिखितं नीट तपासली गेली ती त्यानंतर.

आता वचन काढलं तरी आकडा काढता येत नाही. गल्लीतलं एक घर पाडलं म्हणून पुढच्या सगळ्या घरांचे नंबर बदलत नाहीत, तसंच. ३८ ला ३७ म्हटलं तर चारशे वर्षांच्या शब्दसूच्या, टीका, प्रवचनं सगळ्यांचे पत्ते चुकतील. म्हणून रिकामी जागा तशीच ठेवतात. मत्तय १७:२१, मार्क ९:४४ आणि ९:४६ यांची गोष्ट हीच. "नव्या आवृत्तीवाल्यांनी वचनं पळवली" असे संदेश फोनवर फिरत असतात. अशा वेळी तळटीप वाचावी, ती बहुधा तिथेच असते.

हिब्रू बायबलचा आकडा आमच्याशी का जुळत नाही?

मुख्य कारण स्तोत्रांची शीर्षकं. स्तोत्र ५१ च्या वर दावीद, नाथान संदेष्टा आणि बथशेबा यांचा उल्लेख असलेलं शीर्षक आहे. हिब्रूत ती दोन वचनं धरतात, म्हणून आपलं ५१:१ तिथे ५१:३. शिवाय मलाखीचे आपल्याकडे चार अध्याय, हिब्रूत तीन. योएलचे आपल्याकडे तीन, हिब्रूत चार. मजकूर दोन्हीकडे तोच.

जुन्या कॅथलिक पुस्तकात "स्तोत्र २२" म्हणून मेंढपाळाचं स्तोत्र सापडलं तर तो ग्रीक-लॅटिन क्रम आहे. तिथे नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलंय, म्हणून पुढचा क्रमांक एकाने मागे.

प्रत्येक वचन नव्या ओळीवर का छापतात?

ही सवय मुख्यतः १५६० च्या जिनिव्हा बायबलने लावली आणि १६११ च्या इंग्रजी बायबलने उचलली. परिच्छेद कळावा म्हणून १६११ च्या छपाईत खास खुणा घातल्या होत्या, पण त्या प्रेषितांची कृत्ये २० नंतर अचानक बंद होतात. खिळे संपले की उत्साह, कोण जाणे. या छपाईचा परिणाम असा, की पौलाचा दहा ओळींचा एक युक्तिवाद सुविचारांच्या यादीसारखा दिसतो. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात परिच्छेद परतले आणि आकडे बाजूला सरकले.

गीतेतल्या श्लोकांसारखंच आहे ना हे?

फार नाही. श्लोक छंदात बांधलेला असतो, तो कुठे संपतो हे कान सांगतो. आकडा नंतर घातला तरी हद्द आधीपासून आहे. स्तोत्रांच्या बाबतीत तुलना थोडीफार चालेल. पौलाचं पत्र गद्य आहे. तिथे वचनाची हद्द एतिएन म्हणेल तिथे.

वाचताना अध्याय चुकीच्या जागी तुटलाय हे कसं ओळखायचं?

अध्यायाचा पहिला शब्द पाहा. "म्हणून", "तर मग", "तेव्हा" असं काही असेल तर मागचं किमान एक वचन वाचा. मग बोलणारा कोण ते पाहा. "तो" किंवा "आम्ही" कोण हे अध्यायातून कळत नसेल तर नाव मागे राहिलंय. मार्क ९:१ मध्ये "तो त्यांना म्हणाला" आहे. हे बोलणं ८:३४ पासून चालू आहे, आणि डोंगरावरची घटना ९:२ पासून सुरू होते.

मधले ठळक मथळे मात्र आधार म्हणून धरू नका. ते प्रकाशकाचे असतात, आवृत्तीगणिक बदलतात.

एकूण अध्याय आणि वचनं किती?

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय: जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. कॅथलिक बायबलमध्ये जास्त पुस्तकं असल्याने आकडा वाढतो. वचनांची बेरीज ३१ हजारांच्या थोडी पुढे जाते, पण वर सांगितलेल्या कारणांमुळे ती आवृत्तीनुसार थोडी हलते.

"यहूदा ५" असा संदर्भ दिसला, यात अध्याय कुठला?

अध्याय नाही. ओबद्या, फिलेमोनला पत्र, योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र, आणि यहूदाचं पत्र ही पाच पुस्तकं इतकी छोटी आहेत, की त्यांना एकच अध्याय आहे. म्हणून यहूदा ५ म्हणजे पाचवं वचन. काही जण यहूदा १:५ लिहितात, तेही तेच.